पूर्ण एक फेरी, आणि चिन्ह उलटं: अर्ध-स्पिन कणाचं वळण पायरीपायरीनं

रविवारी सकाळी कर्वे रस्त्याजवळच्या आमच्या घरी भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातली पाच-सहा मुलं येतात. जून महिन्यात त्यांतल्या एकीनं वही पुढे केली. "सर, इथे लिहिलंय की न्यूट्रॉनला पूर्ण एक फेरी फिरवलं की त्याची अवस्था उणे एकनं गुणली जाते. आणि पुढच्याच पानावर लिहिलंय की अवस्थेला उणे एकनं गुणलं तरी काहीच बदलत नाही. मग फिरवून झालं काय?"

प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा होता, आणि त्याला घाईनं उत्तर देऊ नये असं मला वाटलं. आम्ही त्यावर तीन रविवार घालवले. ज्या क्रमानं आम्ही गेलो त्याच क्रमानं इथे लिहितो आहे. संमिश्र संख्या आणि दोन घटकांचा सदिश एवढं येत असेल तर पुरे. कागद-पेन्सिल मात्र जवळ ठेवा, कारण पहिली पायरी हातानं केल्याशिवाय पुढची पटत नाही.

अर्धा कोन येतो कुठून

सुरुवात प्रयोगातून करू. स्टर्न आणि गेरलाख यांनी १९२२ साली फ्रँकफुर्टमध्ये चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला तेव्हा त्याचे दोन भाग झाले. अर्ध-स्पिन कणाला कुठल्याही दिशेनं विचारलं तरी तो दोनच उत्तरं देतो, वर किंवा खाली. आता वर उत्तर दिलेले कण निवडून घ्या आणि दुसरं तसंच उपकरण पहिल्याशी θ कोनात तिरकं ठेवा. दुसऱ्या उपकरणातही ते वर निघण्याची शक्यता cos²(θ/2) इतकी असते. θ नव्वद अंश असेल तर निम्मे निघतात, एकशे ऐंशी असेल तर एकही नाही.

या शेवटच्या वाक्यावर थोडं थांबा. खोलीत पाहिलं तर वर आणि खाली या दिशांमध्ये १८० अंशांचा कोन आहे. पण वर असलेला कण खाली निघण्याची शक्यता शून्य आहे, म्हणजे अवस्थांच्या जगात हे दोन सदिश एकमेकांना लंब आहेत. तिथे त्यांच्यातला कोन ९० अंशांचाच. खोलीतल्या १८० अंशांना अवस्थेतले ९० अंश, असा हिशेब आहे. फिरणं एकसारखं असेल तर खोलीतल्या प्रत्येक अंशाला अवस्था अर्धाच अंश सरकते.

आता हे कागदावर करा. वर अवस्थेला (1, 0) म्हणा आणि खाली अवस्थेला (0, 1). y अक्षाभोवती θ कोनातून फिरवलेली वर अवस्था अशी असते:

`(cos(θ/2), sin(θ/2))`

९० अंशांना (0.707, 0.707) येतं. १८० ला (0, 1), म्हणजे पूर्ण खाली, अपेक्षेप्रमाणे. २७० ला (−0.707, 0.707). आणि ३६० ला (−1, 0). कण परत वर बघतो आहे, कुठलंही स्टर्न-गेरलाख उपकरण लावलं तरी तो सुरुवातीच्या कणासारखाच वागेल, पण सदिशाचं चिन्ह उलटलं आहे. अजून एक पूर्ण फेरी दिल्यावर, ७२० अंशांना, (1, 0) परत मिळतं.

कुठल्याही अक्षासाठी आणि कुठल्याही सुरुवातीच्या अवस्थेसाठी हेच एका सूत्रात असं लिहितात:

`U(φ) = cos(φ/2) − i sin(φ/2) (n·σ)`

इथे φ हा फिरवण्याचा कोन, n हा फिरवण्याचा अक्ष, आणि σ म्हणजे पाउली यांची तीन मॅट्रिक्सं. φ च्या जागी 2π घातलं की साइन शून्य होतो, कोसाइन उणे एक होतो, आणि अक्षाचा काही संबंधच उरत नाही. कुठल्याही अक्षाभोवती फिरवा, कण कुठेही बघत असो, U बरोबर −1.

हे उणे चिन्ह सोयीनं घालवता येईल का?

इथे चांगला विद्यार्थी हरकत घेतो, आणि घ्यायलाच हवी. क्वांटम अवस्थेला कुठलाही फेज लावायची मुभा आहे. मग फिरवण्याच्या प्रत्येक क्रियेला e^(iθ/2) नं गुणून टाकू. ३६० अंशांना हा गुणक −1 होईल, आधीचं −1 त्यात मिटेल आणि प्रश्नच संपेल.

एकाच अक्षाभोवती फिरवायचं असेल तर हे चालतंसुद्धा. ते सगळ्या दिशांना मिळून का चालत नाही हे पाहायला छताच्या पंख्याकडे बघा. खाली उभं राहून पाहिलं तर तो एका बाजूनं फिरताना दिसतो. त्याच पंख्याकडे कुणी वरून पाहिलं तर तो उलटा फिरताना दिसेल. पंखा तोच, वळण तेच. म्हणजे n अक्षाभोवती +θ फिरणं आणि −n अक्षाभोवती −θ फिरणं या दोन क्रिया नाहीत, एकाच क्रियेची ती दोन नावं आहेत. निसर्गाला सगळ्या दिशा सारख्या असतील तर आपण चिकटवलेला जादा गुणक सगळ्या अक्षांना सारखाच असायला हवा. मग एका नावानं तो e^(ikθ) येतो आणि दुसऱ्या नावानं e^(−ikθ). दोन्ही प्रत्येक θ ला समान असायचे तर k शून्यच हवा. चिकटवायला काही उरत नाही, आणि ३६० अंशांचं उणे चिन्ह तिथेच राहतं.

मला स्वतःला हा युक्तिवाद फार मोलाचा वाटतो, कारण बरीच पुस्तकं सूत्र देऊन पुढे जातात आणि चिन्ह ही लिहिण्याची सवय आहे की खरी गोष्ट, हा प्रश्न वाचकाच्या मनात तसाच राहतो. हा k शेवटच्या पायरीत पुन्हा भेटणार आहे.

हातावरचं ताट

आरतीचं रिकामं ताट उजव्या तळहातावर आडवं ठेवा. तळहात वरच राहील, ताट कलंडणार नाही, अशा बेतानं ते आतल्या बाजूनं काखेखालून फिरवत न्या. ताटाची एक फेरी पूर्ण होते तेव्हा ताट पहिल्यासारखं आडवं असतं, पण कोपर वर गेलेलं असतं आणि हाताला पीळ बसलेला असतो. आता उलट न फिरता त्याच दिशेनं पुढे चला, या वेळी हात डोक्यावरून नेत. दुसरी फेरी पूर्ण होताच पीळ आपोआप सुटतो आणि हात सरळ होतो.

मुलांना हे आवडतं, पण त्यावरून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही हे नीट सांगायला हवं. ताट दाखवतं ते इतकंच की फिरण्याच्या वाटांचे दोन प्रकार आहेत. एका फेरीची वाट टोकं न हलवता हळूहळू आकसत नाहीशी करता येत नाही, दोन फेऱ्यांची येते. त्यामुळे दोन फेऱ्यांनंतर चिन्ह अधिक असायलाच हवं, आणि एका फेरीनंतर ते उणे असायला वाव आहे. वाव आहे, सक्ती नाही. स्पिन एक असलेला कणही याच खोलीत फिरतो, त्याच्याही वाटांचे हेच दोन प्रकार, पण त्याला एका फेरीनंतर अधिक एकच मिळतं. उणे चिन्ह ताटातून येत नाही, पहिल्या पायरीतल्या त्या अर्ध्या कोनातून येतं.

चिन्ह एकट्यानं दिसत नाही

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. अवस्थेला −1 नं गुणलं तर कुठलीही शक्यता बदलत नाही, हेही खरंच आहे, कारण शक्यता काढताना वर्ग होतो.

गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो तो पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेला आहे. एकच पथक वाजत असेल आणि तुम्ही दूर पुलावर उभे असाल, तर ते अर्ध्या ठेक्यानं मागे आहे की नाही हे तुम्हाला कळूच शकत नाही. मागे म्हणजे कशाच्या मागे? पण तोच ठेका धरून शेजारी दुसरं पथक वाजत असेल तर अर्ध्या ठेक्याचा फरक पहिल्या आवर्तनातच कानाला खुपतो. चिन्हाचं तसंच आहे. संपूर्ण कण फिरवला तर −1 कुठेही उमटत नाही. पण एकाच कणाच्या अवस्थेचे दोन भाग केले, एकच भाग फिरवला आणि दुसरा तसाच ठेवून दोन्ही पुन्हा एकत्र आणले, तर ψ + ψ च्या जागी ψ − ψ येतं. आधी जिथे भरपूर कण पोचत होते तिथे एकही पोचत नाही.

ही कल्पना १९६७ साली अहारोनोव्ह आणि सस्किंड यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे बर्नस्टाइन यांनी मांडली. तोपर्यंत ३६० अंशांचं चिन्ह मोजता येण्यासारखं नाही असंच बहुतेक जण धरून चालत होते. प्रत्यक्ष मोजमाप झालं ते १९७५ मध्ये, न्यूट्रॉनांवर, आणि एकाच वर्षी दोन ठिकाणी: राउख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रनोबलच्या अणुभट्टीवर, आणि वर्नर, कोलेला, ओव्हरहाउझर व ईगन यांनी अमेरिकेत.

उपकरण

न्यूट्रॉनच का? त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे चुंबकीय क्षेत्रात त्याची वाट वाकत नाही, पण त्याला चुंबकीय आघूर्ण आहे, त्यामुळे स्पिन फिरतो. इलेक्ट्रॉनला त्याच क्षेत्रात टाकलं तर आधी वाटच बदलेल.

उपकरणाचा गाभा म्हणजे सिलिकॉनचा एकच निर्दोष स्फटिक. त्यात खाचा पाडून तीन समांतर पातळ भिंती उभ्या ठेवतात, आणि खाली पाया एकसंध राहतो. पहिल्या भिंतीत न्यूट्रॉनच्या तरंगाचे दोन भाग होतात, दुसरी भिंत त्यांना एकमेकांकडे वळवते, तिसरीत ते एकत्र येतात. दोन वाटांमध्ये काही सेंटिमीटरचं अंतर पडतं, म्हणजे एका वाटेवर छोटा चुंबक मावतो. तीन वेगळे स्फटिक का वापरत नाहीत? कारण तिन्ही भिंतींमधल्या अणूंच्या रांगा एकमेकींशी अणूच्या आकाराहून बारीक मापानं जुळलेल्या हव्यात, आणि ते एकाच स्फटिकात निसर्गानंच करून ठेवलेलं असतं. अशा प्रकारचं न्यूट्रॉन इंटरफेरोमीटर पहिल्यांदा चाललं ते १९७४ मध्ये व्हिएन्नाच्या २५० किलोवॉटच्या लहानशा भट्टीवर.

दोन वाटांत आणखी एक वस्तू असते: ॲल्युमिनियमसारख्या धातूची पातळ चकती. ती थोडी तिरकी फिरवली की एका वाटेवर पदार्थाची जाडी किंचित वाढते आणि दोन वाटांमध्ये आपल्या मर्जीनं फेजचा फरक आणता येतो. या फरकाला χ म्हणू. चकती फिरवत गेलं की पुढच्या डिटेक्टरमधली मोजणी वर-खाली होत जाते. हेच व्यतिकरणाचे पट्टे. एका वेळी उपकरणात एकच न्यूट्रॉन असतो, त्यामुळे न्यूट्रॉन एकमेकांवर परिणाम करतात की काय ही शंका उरत नाही.

किती क्षेत्र लागेल: आकड्यांनी करून पाहू

तरंगलांबी १.८ अँगस्ट्रॉम धरू. अशा न्यूट्रॉनचा वेग साधारण २,२०० मीटर प्रति सेकंद असतो. चुंबकाची लांबी एक सेंटिमीटर धरली तर न्यूट्रॉन त्यात सुमारे ४.५५ मायक्रोसेकंद राहतो.

चुंबकीय क्षेत्रात न्यूट्रॉनचा स्पिन दर टेस्लाला सेकंदाला २.९१६ कोटी फेऱ्या या वेगानं फिरतो. ४.५५ मायक्रोसेकंदांत बरोबर एक फेरी हवी, तर क्षेत्र सुमारे ७.५ मिलिटेस्ला, म्हणजे ७५ गॉस लागेल. फार मोठं क्षेत्र नाही हे. साध्या विद्युतचुंबकानं मिळतं.

दुसऱ्या वाटेनं ताळा घेऊ, कारण त्यातून खरी गंमत कळते. न्यूट्रॉनचं चुंबकीय आघूर्ण ९.६६ × १०⁻²⁷ ज्यूल प्रति टेस्ला आहे. ७.५४ मिलिटेस्लात स्पिनच्या एका दिशेची ऊर्जा त्यामुळे ७.२८ × १०⁻²⁹ ज्यूलनं वाढते आणि विरुद्ध दिशेची तेवढीच घटते. या ऊर्जेला वेळेनं गुणून ħ नं भागलं की फेज मिळतो:

`7.28×10⁻²⁹ × 4.55×10⁻⁶ / 1.055×10⁻³⁴ ≈ 3.14`

बरोबर π. एका दिशेला +π, विरुद्ध दिशेला −π. दोघांतला फरक 2π, म्हणून स्पिनची दिशा पूर्ण फेरी मारून परत येते. पण प्रत्येकाला स्वतःला मिळालेला फेज π आहे, आणि +π काय, −π काय, दोन्हींचा गुणक −1 च. अर्धा कोन इथे पुन्हा आपणहून हजर झाला. मुलांना मी हा गुणाकार स्वतः करायला लावला, आणि ३.१४ दिसल्यावर ती मुलगी वही बंद करून थोडा वेळ नुसती बसून राहिली.

मोजणी कशी वाचायची

भट्टीतून येणारे न्यूट्रॉन कुठल्याही एका दिशेला बघत नसतात, निम्मे क्षेत्राच्या दिशेचे आणि निम्मे विरुद्ध असं धरता येतं. मग चिन्ह पुसून जाणार नाही का? पाहू. पहिल्या गटाची मोजणी cos(χ − φ/2) प्रमाणे बदलते, दुसऱ्या गटाची cos(χ + φ/2) प्रमाणे. दोन्हींची सरासरी शाळेतल्या त्रिकोणमितीनं येते:

`N = N₀ [1 + C cos χ cos(φ/2)]`

N₀ म्हणजे सरासरी मोजणी, आणि C म्हणजे पट्ट्यांचा ठळकपणा. आदर्श उपकरणात C १ असेल, प्रत्यक्षात नेहमी कमीच. उदाहरणादाखल N₀ ५०० आणि C ०.६ धरा, आणि चकती χ = 0 वर स्थिर ठेवा.

क्षेत्र शून्य असताना मोजणी ८००. क्षेत्र ३७.७ गॉस केलं की स्पिन अर्धी फेरी फिरतो, cos 90° शून्य, मोजणी ५००. ७५.४ गॉसला स्पिन पूर्ण फेरी फिरून जागेवर येतो, आणि मोजणी २००. परत ८०० दिसायला १५०.८ गॉस लागतात, म्हणजे दोन फेऱ्या. चिन्ह उलटत नसतं तर ७५.४ गॉसलाच ८०० दिसले असते. २०० च्या मोजणीतली आकडेवारीची अनिश्चितता साधारण १४ असते, तेव्हा २०० आणि ८०० यांत गफलत व्हायचा प्रश्न येत नाही.

पण एकाच χ वर मोजून थांबू नका, हा माझा आग्रह आहे. प्रत्येक क्षेत्राला चकती पूर्ण फिरवून पट्ट्यांची संपूर्ण वक्ररेषा घ्या. कारण मोजणी ८०० वरून २०० वर यायला दुसरीही कारणं असू शकतात. विद्युतचुंबकाची तार तापते, ती उष्णता स्फटिकाला लागते, भिंती एकमेकींच्या तुलनेत किंचित सरकतात आणि χ आपोआप ढळतो. एका बिंदूवर मोजणाऱ्याला हे चिन्ह उलटल्यासारखंच दिसेल. संपूर्ण वक्ररेषेत मात्र दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळखू येतात. उष्णतेनं χ ढळला तर पट्ट्यांची उंची तीच राहते आणि शिखरं हळूहळू बाजूला सरकतात. स्पिन फिरल्यानं शिखरं जागची हलत नाहीत. ती बुटकी होत जातात, अर्ध्या फेरीला वक्ररेषा सपाट होते, आणि मग जिथे शिखर होतं तिथेच दरी उगवायला लागते. पूर्ण फेरीला तीच वक्ररेषा पुरती पालथी झालेली असते.

कंपनांमुळेही पट्टे बुटके होतात. पण कंपनांनी गेलेला ठळकपणा क्षेत्र वाढवल्यावर परत येत नाही, आणि पालथा होऊन तर कधीच येत नाही. प्रवाहाची दिशा उलटवून उष्णतेचा संशय फिटेल असं काहींना वाटतं, पण इथे तो मार्ग उपयोगाचा नाही. तारेचं तापणं प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असतं, आणि cos(φ/2) सुद्धा φ चं चिन्ह बदललं तरी तोच राहतो. दोन्ही गोष्टी प्रवाहाची दिशा ओळखतच नाहीत.

आणखी एक चूक आकड्यांत लपते. चुंबकाचं क्षेत्र त्याच्या कडेला थांबत नाही, थोडं दुसऱ्या वाटेवरही सांडतं. व्यतिकरणाला दोन वाटांवरच्या फिरण्यातला फरकच कळतो. पहिल्या वाटेवर एक फेरी झाली आणि दुसऱ्या वाटेवर त्याच दिशेनं एकदशांश, तर हिशेबात नऊदशांशच धरायला हवं. म्हणून क्षेत्र फक्त चुंबकाच्या मधोमध मोजून चालत नाही, दोन्ही वाटांच्या संपूर्ण लांबीवर मोजून बेरीज करावी लागते. न्यूट्रॉनांच्या तरंगलांबीतला फरक मात्र सुरुवातीला त्रास देत नाही. तो एक टक्का असेल तर पहिल्या फेरीला फिरण्याच्या कोनात चारएक अंशांचाच फरक पडतो. पंधरा-वीस फेऱ्यांपुढे जायचं असेल तेव्हा त्याची काळजी करा.

राउख यांच्या गटाला १९७५ च्या मोजमापात मूळ पट्टा परत येण्यासाठी लागणारा कोन ७०४ अंश मिळाला, ३८ अंशांच्या अनिश्चिततेसह. ७२० या मर्यादेत आरामात बसतात, ३६० कुठेही जवळ नाहीत.

"पण तो कण फिरलाच कुठे?"

दुसऱ्या रविवारी एका मुलानं ही हरकत काढली. जो न्यूट्रॉन मुळातच क्षेत्राच्या दिशेनं बघतो आहे तो फिरत नाही, त्याला नुसता फेज मिळतो. मग त्याला फिरवणं का म्हणायचं?

हरकत बरोबर आहे. अशा एकट्या न्यूट्रॉनकडे पाहिलं तर तो फक्त ऊर्जेतून आलेला फेज आहे. फिरण्याचा अर्थ त्याला तेव्हा येतो जेव्हा त्याच क्षेत्रात, तेवढ्याच वेळात, क्षेत्राला लंब असलेले न्यूट्रॉन खरोखर पूर्ण वर्तुळ फिरून येतात आणि त्यांनाही तोच −1 मिळतो. चिन्ह एखाद्या अवस्थेचं नाही, क्रियेचं आहे. म्हणूनच ध्रुवीकृत न्यूट्रॉन घेऊन, त्यांचा स्पिन क्षेत्राला लंब ठेवून, आधी दिशा किती गॉसला परत येते हे मोजावं आणि मग पट्टे किती गॉसला परत येतात हे. पहिला आकडा दुसऱ्याच्या निम्मा येतो, आणि या तुलनेत न्यूट्रॉनचे स्थिरांक कुठेच वापरावे लागत नाहीत.

ऊर्जेतून आलेला फेज आणि स्पिनच्या वाटेच्या आकारातून आलेला फेज हे वेगवेगळे करून मोजण्याचं काम पुढे बरंच झालं. त्यात आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले वाघ आणि राखेचा यांचं नाव महत्त्वाचं आहे. मिसूरी आणि व्हिएन्नाच्या गटांबरोबरचा त्यांचा प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

घरी संगणकावर

पुण्यात कुणाच्या घरी अणुभट्टी नाही, पण हिशेब तपासायला पायथन पुरतो. तिसऱ्या रविवारी आम्ही हे लिहिलं:

```python
import numpy as np
X = np.array([[0, 1], [1, 0]])
Y = np.array([[0, -1j], [1j, 0]])
Z = np.diag([1, -1])

def U(deg, n):
    f = np.radians(deg)
    S = n[0]*X + n[1]*Y + n[2]*Z
    return np.cos(f/2)*np.eye(2) - 1j*np.sin(f/2)*S

psi = np.array([0.6, 0.8j])
for deg in (0, 180, 360, 540, 720):
    r = U(deg, (0, 1, 0)) @ psi
    out = (psi + r) / 2
    sz = np.vdot(r, Z @ r).real
    inten = np.vdot(out, out).real
    print(deg, round(sz, 2), round(inten, 2))
```

पहिला स्तंभ कोन, दुसरा स्पिनचा उभ्या दिशेचा भाग, तिसरा दोन वाटा एकत्र आल्यावरची तीव्रता. दुसऱ्या स्तंभात −0.28, 0.28, −0.28, 0.28, −0.28 येतं: दर ३६० ला परत. तिसऱ्यात 1.0, 0.5, 0.0, 0.5, 1.0 येतं: ७२० शिवाय परत नाही. अक्ष बदलून पाहा (त्याची लांबी १ ठेवा), psi बदलून पाहा (तिचीही लांबी १ हवी). दुसरा स्तंभ बदलेल, तिसरा जसाच्या तसा राहील.

हा निसर्गाचा पुरावा नाही हे मुलांना बजावून सांगितलं. उणे चिन्ह आपणच U च्या सूत्रातून आत घातलेलं आहे. निसर्ग तसा वागतो हे १९७५ च्या न्यूट्रॉनांनी सांगितलं, प्रोग्रॅम फक्त आपण गणित नीट केलं का ते सांगतो.

आता तो k. हाच प्रयोग क्वांटम संगणकाच्या सिम्युलेटरवर करायचा असेल तर एक क्युबिट वाटेचा आणि एक स्पिनचा घेतात, वाट १ असेल तरच स्पिन फिरवतात. तिथे दोन आज्ञा सारख्या दिसतात, `rz` आणि `p`. एका क्युबिटवर एकट्या वापरल्या तर दोन्ही स्पिनला z अक्षाभोवती तेवढंच फिरवतात आणि मोजणीत काहीही फरक दिसत नाही. पण `p` मध्ये वर अवस्थेला हात न लावता सगळा फेज खाली अवस्थेला दिलेला असतो, म्हणजे आपण दुसऱ्या पायरीत बाद केलेला जादा गुणक तिच्यात चिकटवलेला आहे. म्हणून नियंत्रित `crz(2π)` वापरलं तर वाटेचा क्युबिट उलटलेला दिसतो, आणि `cp(2π)` वापरलं तर काहीच घडत नाही. आमच्या एका मुलानं नेमकी `cp` वापरली आणि चिन्ह दिसत नाही म्हणून तासभर स्वतःचा प्रोग्रॅम तपासत बसला होता. न्यूट्रॉनच्या चुंबकात ही निवड आपल्या हाती नसते. तिथे एका दिशेची ऊर्जा जेवढी वाढते तेवढीच दुसरीची घटते, त्यामुळे तिथे नेहमी `rz` च मिळतो.